डॉमिनन्स उतरला, तरी माझी नाणी का पडली?

हिशेबी_पुणेकर
बिटकॉइनचा डॉमिनन्स उतरला की पैसा छोट्या नाण्यांकडे येतो, असं जो तो सांगतो. मागच्या पडझडीत डॉमिनन्स थोडा उतरला, पण माझी छोटी नाणी बिटकॉइनच्या पाठोपाठ खालीच गेली. हा आकडा नक्की मोजतो काय? आणि तो बघून खरेदी करण्यात काही अर्थ आहे का?

तेजीवाला
अर्थ आहे, फक्त धीर धरा. २०२१ आठवा. जानेवारीच्या सुरुवातीला डॉमिनन्स ७० टक्क्यांच्या आसपास होता, मेच्या मध्यात ४० च्या घरात आला, आणि त्या चार-पाच महिन्यांत छोट्या नाण्यांनी धुमाकूळ घातला. आधी बिटकॉइन वाढतो, मग लोक नफा काढून इथरमध्ये टाकतात आणि तिथून तो बारक्या नाण्यांत जातो. क्रम ठरलेला आहे.

छेद_आणि_अंश
२०२१ चं बरोबर आहे, पण "पैसा इकडून तिकडे गेला" हे त्या आकड्यात दिसत नाही. तो नुसता भागाकार आहे. अंशात बिटकॉइनचं बाजारमूल्य, छेदात सगळ्या नाण्यांचं मिळून. आणि बाजारमूल्य म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले चलनात असलेली नाणी. कोणी किती पैसे घातले किंवा काढले, याची नोंद त्यात कुठेच नाही.

धागाकर्त्याला जे दिसलं ते असं. समजा एकूण १०० मध्ये बिटकॉइन ६०, छोटी नाणी ३० आणि डॉलरला बांधलेली स्टेबलकॉइन १०. पडझडीत बिटकॉइन आणि छोटी नाणी दोन्ही १० टक्के घसरली. आता ५४, २७ आणि १०, एकूण ९१. बिटकॉइनचा वाटा ५९.३ टक्के. डॉमिनन्स उतरला, छोट्या नाण्यांकडे दमडीही आली नाही. स्टेबलकॉइन जागची हलली नाहीत, एवढंच घडलं.

आता छोटी नाणी १० ऐवजी २० टक्के पाडून बघा. ५४, २४, १०. वाटा ६१.४. बिटकॉइन पडला आणि डॉमिनन्स चढला! म्हणून नुसता डॉमिनन्स बघू नका. बिटकॉइनचा डॉलरमधला भाव कुठे चाललाय ते शेजारी ठेवल्याशिवाय त्यातून काही कळत नाही.

तेजीवाला
मग स्टेबलकॉइन वगळून काढा की! तसे आलेखही मिळतात.

छेद_आणि_अंश
वगळा, जरूर वगळा. एक दोष जातो, दुसरा राहतो. शंभर कोटींपैकी चारदोन कोटीच नाणी बाजारात आणायची, थोड्याशा खरेदीने भाव चढवायचा आणि तो भाव चलनातल्या सगळ्या नाण्यांना लावायचा. छेद फुगला, डॉमिनन्स उतरला, बिटकॉइनला कोणी हातही लावला नाही.

याहून मजेशीर प्रकार ८ जानेवारी २०१८ चा. तेव्हा कोरियातल्या एक्स्चेंजवर नाणी बाकी जगापेक्षा बरीच महाग विकली जात होती. भाव आणि बाजारमूल्य दाखवणाऱ्या कॉइनमार्केटकॅप या साइटने त्या दिवशी काही कोरियन एक्स्चेंजचे भाव सरासरीतून काढून टाकले, तेही आधी न सांगता. कोरियात एक्सआरपी या नाण्याची उलाढाल प्रचंड, त्यामुळे त्याचा दाखवलेला भाव धाडकन खाली आला. लोक घाबरले आणि काहींनी खरोखर विकलं. सुरुवातीची घसरण मात्र फक्त हिशेब बदलल्याची होती.

पेन्शनर_सोलापूर
माझा डॉमिनन्स ८० टक्के आहे. उरलेल्या २० टक्क्यांत पाच छोटी नाणी घेतली होती, सगळी तोट्यात. बिटकॉइन विकून नफा झाला. आता तोटा त्यातून वजा करायला निघालो तर सीए म्हणतो जमत नाही. हे खरं का?

छेद_आणि_अंश
काका, तुम्ही सांगताय तो तुमच्या गुंतवणुकीतला वाटा, इथे अख्ख्या बाजाराचं चाललंय. पण सीए बरोबर सांगतोय. आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

पेन्शनर_सोलापूर
पण पडताना सगळी एकत्र पडली की हो. करात तेवढी वेगवेगळी!

मितभाषी
एकत्र पडण्याचं कारण जोडी. छोटं नाणं बिटकॉइनमध्येच विकत मिळतं. समजा त्याचा भाव ०.०००१ बिटकॉइन आणि बिटकॉइन १०,००० डॉलर, म्हणजे नाणं एक डॉलरचं. बिटकॉइन ९,००० झाला की ते आपोआप ९० सेंटचं. विकलं कोणीच नाही.

छेद_आणि_अंश
२०१७ पर्यंत हे मोठंच कारण होतं. आता बहुतेक सौदे यूएसडीटी या स्टेबलकॉइनच्या जोडीत होतात, तरी नाणी एकत्रच पडतात. तेव्हा एकट्या जोडीवर खापर फोडता येत नाही. आज जास्त जोर तारणाचा आहे. एखाद्याने बिटकॉइन तारण ठेवून दहा छोट्या नाण्यांत उधारीवर तेजीचे सौदे केलेत. बिटकॉइन पडला की तारणाची किंमत कमी होते आणि ती ठरावीक मर्यादेखाली गेली की एक्स्चेंजची यंत्रणा त्याचे सौदे मिळेल त्या भावाला कापते. बिटकॉइनला खाली भरपूर खरेदीदार उभे असतात. छोट्या नाण्याच्या ऑर्डर बुकात मात्र तुरळक, आणि भाव सांभाळणारे मार्केट मेकर घबराटीत आपल्या ऑर्डरी काढून घेतात. मग तेवढीच विक्री तिथे कितीतरी खोल जाते, त्या भावाने पुढच्या माणसाचे सौदे कापले जातात.

१० ऑक्टोबर २०२५ ला हेच झालं. ट्रम्पनी चीनवर १०० टक्के जादा आयातशुल्क जाहीर केलं आणि साधारण एका दिवसात १९ अब्ज डॉलरहून जास्त सौदे कापले गेले. काही छोटी नाणी काही मिनिटांत निम्म्याच्याही खाली जाऊन आली. त्या नाण्यांचा चीनच्या शुल्काशी काय संबंध?

मितभाषी
म्हणजे शेपूट कुत्र्यामागे जातं, एवढंच. नेहमी मात्र नाही. मे २०२२ मध्ये लुना हे नाणं कोसळलं तेव्हा त्यांच्या फाउंडेशनने सुमारे ८० हजार बिटकॉइनचा साठा वापरून टाकला आणि बिटकॉइनच दबला.

तेजीवाला
आणि १३ जुलै २०२३? अमेरिकेच्या कोर्टात निकाल एक्सआरपीवाल्या रिपल कंपनीच्या बाजूने थोडा झुकला, एक्सआरपी एका दिवसात दीडपटीहून वर. बिटकॉइन जवळपास जागच्या जागी. म्हणजे स्वतःची बातमी असली की साखळी तुटते.

छेद_आणि_अंश
तुटते, मान्य. पण त्याच दिवशी सोलाना आणि कार्डानोही उसळले, कारण त्यांच्यावरही नोंदणी नसलेली सिक्युरिटी असल्याचा ठपका होता. तिथेही घोळका होताच, फक्त म्होरक्या वेगळा.

तुमच्या ठरलेल्या क्रमाबद्दल मात्र शंका आहे. जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत बिटकॉइनचे स्पॉट ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे ब्रोकरकडून घेता येणारे फंड आहेत. ब्रोकरच्या खात्यातला तो नफा डॉलरमध्ये सुटतो. तो माणूस एक्स्चेंजवर खातं उघडून बारकी नाणी घ्यायला का जाईल?

तेजीवाला
इथरचेही ईटीएफ त्याच वर्षी जुलैत आले की. आणि २०२५ च्या उन्हाळ्यानंतर डॉमिनन्स उतरलाच ना?

छेद_आणि_अंश
उतरला. इथर वाढला म्हणून. त्याच्या खालची शेकडो नाणी तेव्हा कुठे होती, ते एकदा तुमच्याच यादीत बघून सांगा.

तेजीवाला
बघतो. पण क्रम संपला असं अजून म्हणणार नाही.