उत्तर: सिलिंडरवर बर्फ का धरतो?

>> "भट्टी तीन तास मोठी ठेवली की सिलिंडरच्या खालच्या भागावर बर्फ धरतो आणि ज्योत बसते. गॅसमध्ये पाणी आहे का?"

नाही, ते पाणी बाहेरच्या हवेतलं. आत गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ व्हायला उष्णता लागते. तासाला एक किलो गॅस जाळलात तर साधारण १०० वॉट, मोठ्या भट्टीला दोन किलो लागले तर २००. ही उष्णता पत्र्यातून, आजूबाजूच्या हवेतूनच येते. तेवढी पोहोचली नाही की द्रव स्वतःचीच उष्णता वापरून गार पडतो, दाब उतरतो आणि ज्योत बसते. त्यात प्रोपेन आधी उडून जातो. मागे राहणारा ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळतो, म्हणून सिलिंडर संपत आला की त्रास जास्त. शिवाय द्रव कमी, म्हणजे उष्णता घेणारा ओला पत्राही कमी.

वर कुणी "रिकामा झाला, बदला" म्हटलंय, ते पटलं नाही. बर्फाची वरची कड बघा, आतला द्रव साधारण तिथपर्यंत असतो. आमच्याकडे ती कड चार बोटं वर होती. भट्टी तासभर बंद ठेवली आणि ज्योत पूर्ववत झाली. नंतर दोन सिलिंडर एकत्र जोडून घेतले, प्रत्येकावरचा भार निम्मा झाला. गरम पाणी ओतणं किंवा सिलिंडर आडवा करणं मात्र कृपा करून टाळा, आडव्यातून द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो. बर्फ फक्त व्हॉल्व्हपाशी दिसला तर गळतीची शंका घ्या.