गोव्यातल्या छोट्या आयएसपीने मुंबईत पिअरिंग घ्यावं की ट्रान्झिटवरच राहावं?

फोंडेकर_नेट: फोंडा भागात आमचं छोटं नेटवर्क आहे. संध्याकाळी ८ जीबीपीएस चढतं, सगळं पणजीत एकाच मोठ्या ऑपरेटरकडून ट्रान्झिटने, म्हणजे पूर्ण इंटरनेटपर्यंतची वाट विकत, घेतो. मुंबईच्या एक्सचेंजवर जाऊन इतर नेटवर्कशी थेट जोडणी, म्हणजे पिअरिंग, घ्यावं का?

केबलवाला_म्हापसा: डोळे झाकून जा. पिअरिंगमध्ये कोणी कोणाला पैसे देत नाही. ट्रान्झिट बंदच करून टाका.

राउटर_काका: ट्रान्झिट बंद केलंत तर निम्म्या साइट उघडणार नाहीत. एक्सचेंजवर समोरचा फक्त स्वतःचे आणि स्वतःच्या ग्राहकांचे रूट देतो, तुम्हाला तिसऱ्याकडे नेऊन सोडत नाही. वरच्या टियरचे ऑपरेटर तर छोट्यांशी सहसा फुकट पिअर होतच नाहीत, त्यांना तुम्ही ग्राहक म्हणून हवे असता.

आणि फुकट कसलं? सेशनचे पैसे नसतील, पण एक्सचेंजचा पोर्ट, तिथली क्रॉस-कनेक्ट केबल आणि मुंबईपर्यंतच्या लाइनचं बॅकहॉल तुमच्याच खिशातून जातं. धरून चला, हे सगळं मिळून महिन्याला ३ लाख आणि ट्रान्झिट एमबीपीएसला १०० रुपये. म्हणजे ३ जीबीपीएस पिअरिंगवर गेलं तर फिटंफाट. व्हिडिओ कंपन्यांचं ५ जीबीपीएस तिथे वळलं तर २ लाख वाचतात, २ जीबीपीएसच वळलं तर उलट लाखाचा खड्डा. आधी राउटरवर ट्रॅफिकची नोंद ठेवणारा नेटफ्लो लावून कुठल्या एएसकडून, म्हणजे कुठल्या नेटवर्ककडून, किती येतं ते बघा.

बार्देशकर: काकांचा हिशोब ट्रान्झिटचा दर सरसकट धरतो. बऱ्याच ऑपरेटरांकडे व्हिडिओच्या प्रती जवळ ठेवणारे कॅश सर्व्हर असतात आणि त्या ट्रॅफिकचा दर कमी लावून घेता येतो. मग मुंबईला जायचं कशाला? शिवाय पावसात घाटात फायबर तुटली की काय कराल?

राउटर_काका: कॅशचा मुद्दा बरोबर, तो दर आधी मागा. तुटण्याचं म्हणाल, तर सगळं ट्रॅफिक परत ट्रान्झिटवर येतं; तिथे ९५ पर्सेंटाइलवर बिल असेल तर दर पाच मिनिटांनी घेतलेल्या महिन्याच्या ८६४० नमुन्यांतले वरचे ४३२, म्हणजे ३६ तास, मोजलेच जात नाहीत. लाइन लवकर जोडली तर बिल फारसं हलत नाही, ३६ तासांच्या पुढे गेली की भडकतं. पण ट्रान्झिटचा पोर्ट पूर्ण ८ पेलणारा हवा, नाहीतर त्या संध्याकाळी सगळ्यांचा व्हिडिओ अडकेल.

मडगावची_मैथिली: माझं वेगळंच आहे. म्हापशाच्या मित्राच्या सर्व्हरला `traceroute` केलं तर मधले हॉप मुंबईचे दिसतात, पिंग २६ मिलिसेकंद. पॅक बदलून फरक पडेल का?

राउटर_काका: पॅकचा संबंध नाही, ताई. तुम्हा दोघांचे आयएसपी गोव्यात कुठे भेटत नसणार, म्हणून पॅकेट मुंबईला जाऊन परत येतं.

केबलवाला_म्हापसा: मग पणजीतच सगळ्यांनी एक स्विच टाकूया!

बार्देशकर: आपापसातलं ट्रॅफिक असतंच किती? कॅश त्या स्विचवर आले तरच स्विचचा खर्च निघेल आणि कॅशवाले गर्दी बघून येतात.

फोंडेकर_नेट: ऑपरेटरकडे कॅशचा दर मागितलाय. नेटफ्लोही आज रात्रीपासून चालू करतो.