आजारपण लांबलं की पगाराचं काय होतं? तुमचे अनुभव लिहा

वैदेही
माझा धाकटा भाऊ भोसरीला एका कारखान्यात ऑपरेटर आहे, पगार 18,000. गेल्या आठवड्यात फुफ्फुसाचा टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, निदान तीन महिने कामावर जायचं नाही. सुपरवायझर म्हणतो, आधी शिल्लक रजा टाक, मग बिनपगारी. पगाराच्या स्लिपवर दरमहा ईएसआयचे 135 रुपये कापलेले दिसतात. खासगी नोकरीत अशा वेळी तुमच्या घरात पैसा कुठून आला, ते सांगाल का?

मिलिंद (टाइम ऑफिस)
135 म्हणजे 18,000 चे 0.75 टक्के, आणि मालक वर 3.25 टक्के भरतो. बहुतेक कामगारांना वाटतं की यातून फक्त दवाखाना आणि औषधं मिळतात. तसं नाही, घरी बसल्याचा भत्ताही मिळतो. भावाचा रोज साधारण 600 धरा. त्याचे 70 टक्के म्हणजे 420, आणि रविवारचेही मिळत असल्याने महिन्याला 12,600 च्या आसपास. पहिले दोन दिवस वगळले जातात आणि वर्षाला 91 दिवसांची मर्यादा आहे.

ज्या दिवशी पगारी रजा लावली, त्या दिवसाचा भत्ता मिळत नाही. म्हणून सुपरवायझर म्हणतो तशी सगळी रजा आधी उडवू देऊ नका. टीबीची औषधं निदान सहा महिने चालतात. कामावर परतल्यावर तपासणीला जायचं असेल तेव्हा तीच रजा कामी येते.

दुसरं, खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर विसंबू नका. ईएसआय दवाखान्यात जाऊन तिथल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या आणि मुदत संपण्याआधी पुढचं घ्या. माझ्या पाहण्यातले बहुतेक दावे आजारावरून अडत नाहीत, दोन सर्टिफिकेटांमध्ये पडलेल्या खंडावरून अडतात.

शुभांगी
दोन वर्षं सलग नोकरी झाली नसेल तर एक पैसाही मिळत नाही. माझ्या मिस्टरांना कंपनीतून स्पष्ट सांगितलं होतं आणि आम्ही तिथेच थांबलो.

मिलिंद (टाइम ऑफिस)
ताई, दोन वर्षांची अट खरी आहे, पण ती वाढीव भत्त्याला. टीबी, कॅन्सर, अर्धांगवायू अशा 34 आजारांसाठी 91 दिवस संपल्यावर 80 टक्के मिळतात आणि तो भत्ता दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि त्या काळात 156 दिवसांची वर्गणी लागते. साध्या 70 टक्क्यांना सहा महिन्यांच्या एका वर्गणी-काळात 78 दिवस भरले तरी चालतात. मात्र एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर हक्क मिळतो तो पुढच्या जानेवारी ते जूनमधल्या आजारपणाला. वैदेहीताई, भावाच्या जॉइनिंगची तारीख आधी बघा. वाढीव भत्ता मिळणार की नाही ते त्यावर ठरेल.

निर्मला काकू
आमचे हे जिल्हा परिषदेत शिक्षक होते. अर्धपगारी रजा परिवर्तित करून सहा महिने घरी होते, पगार चालू होता. तुमच्या भावालाही तसा अर्ज करायला सांगा, मुख्याध्यापकांनी मंजूर करायला हवा.

राहुल, हिंजवडी
काकू, ती सरकारी नियमावली आहे, कारखान्यात चालत नाही. माझंही सांगतो. पगार 21,000 च्या वर, म्हणून ईएसआय नाही. मणक्याचं ऑपरेशन झालं. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमने रुग्णालयाचं बिल भरलं आणि मला वाटलं, सुटलो. पण मेडिक्लेम पगार देत नाही. रजा संपली आणि लॉस ऑफ पे सुरू झाला. घराचा हप्ता मात्र दर महिन्याला येतच होता. माझी क्रिटिकल इलनेस पॉलिसीही होती, पण तिच्या यादीत मणक्याचा हा त्रास नाही, म्हणून तीही कामाला आली नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ किरकोळ रजा आहेत आणि अर्जित रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते. त्यापुढे पगार चालू ठेवायचा की नाही, हे कंपनीच्या धोरणावर. माझ्यासारख्या पगाराच्या माणसाला कायदा इतक्यावर सोडून देतो, हे मला फार चुकीचं वाटतं. माझं घर बायकोच्या पगारावर चाललं.

शुभांगी
मिलिंददादा, यांचा पगार जुलैपासून 21,500 झाला. आता ईएसआय बंद झालं म्हणतात. मग वर्गणी फुकट गेली का?

मिलिंद (टाइम ऑफिस)
नाही. पगार अधेमधे 21,000 ओलांडला तरी सप्टेंबरअखेरपर्यंत कपात चालूच राहायला हवी. जुलैपासून थांबवली असेल तर ते चूक आहे, स्लिप घेऊन शाखा कार्यालयात जा. त्या वर्गणीवर पुढचे जानेवारी ते जून धरता येतात. वाढीव भत्त्याचं तिथे लेखी विचारा आणि पोच घ्या.

वैदेही
भावाची जॉइनिंग दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतरची आहे, पण मधले काही महिने तो कंत्राटदाराच्या नावावर होता. ती वर्गणी धरतात का? कुणाला असा अनुभव?

राहुल, हिंजवडी
ईएसआयचा विमा क्रमांक तोच ठेवला होता का, ते आधी बघा. कंत्राटदाराने नवा काढला असेल तर दोन्ही नोंदी एकत्र कराव्या लागतील.

वैदेही
दोन नंबर निघालेत. उद्या शाखेत जाते.