अनुभव धागा: लांबत गेलेल्या कथेतला काळ, माणसं आणि सुटलेली टोकं कशी सांभाळता?

बोरू

कथा सात-आठ प्रकरणांपुढे गेली आणि दोन बैठकांमध्ये आठवडे जायला लागले की तीन गोष्टी हातातून निसटतात. कोणाचं वय किती, कोणाला काय ठाऊक आहे आणि वाचकाला कशाची वाट बघायला लावली आहे. प्रत्येकजण यासाठी काही ना काही करतच असणार. काय लिहून ठेवता, कुठे लिहिता आणि त्याने नेमकं काय सापडलं, ते उदाहरणासकट सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. मी एकच तक्ता ठेवते. उभ्या रांगेत वर्षं, आडव्या रांगेत माणसं, प्रत्येक चौकटीत त्या वर्षीचं वय. घटना त्याच वर्षासमोर लिहायची. कथेत सालाचा उल्लेख नसला तरी तक्त्यात साल हवंच, कारण ‘बारा वर्षांपूर्वी’ हे शब्द कोण कधी बोलतो त्यावर बदलतात.

सध्याच्या कथेचं सांगते. कथा जून 2008 मध्ये सुरू होते. सुमन 34 वर्षांची, तिचा मुलगा अनय 9 वर्षांचा. सुमनचा दादा बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलाय, म्हणजे 1996 मध्ये. वडील 2000 मध्ये गेले आणि दादा अंत्यविधीला आला नाही. सातव्या प्रकरणात अनयला मामाने खांद्यावर घेऊन फिरवल्याचं आठवतं. प्रसंग छान उतरला होता. तक्त्यात नोंदवायला गेले, तर 1996 च्या ओळीत अनयच्या नावाखाली चौकट रिकामी. त्याचा जन्म 1999 चा!

दादाला 2003 मध्ये घराबाहेर काढावं, तर वडील गेले तेव्हा तो घरातच असणार. त्याचं न येणं हीच तर कथेची गाठ आहे. अनयला 15 वर्षांचा करावं, तर तिसऱ्या प्रकरणात पेटी उघडून घाबरून पळणारं पोर उरत नाही, आणि सुमन 19 व्या वर्षी आई झालेली ठरते. दुसऱ्या प्रकरणात तर तिचं लग्न पदवीनंतर झालंय. शेवटी आठवण तशीच ठेवली, पण ती अनयची स्वतःची नाही असं ठरवलं. कुणीतरी सांगून सांगून ती त्याच्यात रुजवलीय. घरात असं सांगणारं माणूस एकच, आजी. जी चारचौघांत मुलाचं नावही घेत नाही. कथेला इथे एक नवं टोक फुटलं, आणि माझ्या मते ते आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त खरं आहे.

दौत

मी एवढं करत नाही. फाइलमध्ये नाव शोधलं की माणूस कुठे कुठे आलाय ते सगळं मिळतं. वेगळी पात्रयादी कशाला ठेवायची?

समासातली नोंद

दौत, नावाने शोधून निम्मंच मिळतं. ‘वाडा’ शोधलात तर ‘वाड्यात’, ‘वाड्याची’ सापडणार नाहीत. ‘गंगा’ शोधलंत तर ‘गंगेने’ निसटेल. म्हणून मी शब्दाचा न बदलणारा भाग शोधते, ‘वाड’ किंवा ‘गंग’. नको ते शब्दही येतात, पण काही सुटत नाही. आणि खरी अडचण त्यापुढची आहे. घरातली माणसं एकमेकांना नावाने हाक मारतच नाहीत. एकच बाई कोणाची आत्या, कोणाची वहिनी, कोणाची मावशी असते. म्हणून पात्रयादीत नावासमोर मी लिहिते की तिला कोण काय म्हणतं, आणि अहो-जाहो की अगं-तुगं. धाकटी जाऊ पहिल्या प्रकरणात ‘तुम्ही’ म्हणत असेल आणि नवव्यात ‘तू’, तर मध्ये काहीतरी घडलंय असं वाचक धरून चालतो.

डोळ्यांचा रंग, उंची वगैरे मी मजकुरात आलं असेल तरच लिहिते. त्याऐवजी एक रकाना ठेवते, ‘याला काय ठाऊक आहे आणि कुठल्या प्रकरणापासून’. पेटीत पत्रं आहेत हे सुमनला पाचव्या प्रकरणात कळलं, तर चौथ्यात ती किल्लीकडे तशा नजरेने बघू शकत नाही. प्रकरणांचा क्रम नंतर बदलला की सगळ्यात आधी हेच बिघडतं, कारण वाक्यं सुटी वाचली तर प्रत्येक बरोबर दिसतं.

रात्रपाळी

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मला सलग बैठकच मिळत नाही आणि मोडली की सूर लागायला वेळ लागतो. मी उठताना शेवटचं वाक्य अर्धं सोडते. पुढच्या वेळी ते पुरं करता करता हात चालू लागतो.

बोरू

रात्रपाळी, माझा प्रश्न नोंदींचा होता, पण तुमची सवय इथेही कामी येईल. अर्ध्या वाक्याखाली दोन ओळी लिहून उठायचं, आत्ता कोण कुठे उभा आहे, हातात काय आहे, दिवसाची वेळ कोणती.

पानगळ

माझी कथा भागाभागाने छापून येते, त्यामुळे मागचं बदलता येत नाही. मी दोन वह्या ठेवतो. एकीत फक्त छापून गेलेलं, प्रकरण क्रमांकासह, शक्यतो त्याच शब्दांत. दुसरीत मनात आहे ते. दोन्ही एकत्र ठेवलं की काही महिन्यांनी मनातलं आणि छापलेलं यांतला फरक कळत नाही.

सुटलेली टोकं मी वाचकाच्या प्रश्नाच्या रूपात लिहितो. ‘किल्लीचं रहस्य’ असं नाही, तर ‘किल्ली कोणाकडे आहे?’ पुढे तीन खुणा: कुठे सुरू झालं, शेवटचं कुठे आलं, उत्तर मला ठाऊक आहे का. मधली खूण सगळ्यात उपयोगी. दुसऱ्या प्रकरणात आलेली किल्ली अकराव्यापर्यंत दिसलीच नाही, तर बाराव्यातला उलगडा वाचकाला उपरा वाटतो. तेव्हा सातव्या-आठव्यात कुणीतरी रिकाम्या खुंटीकडे बघितलं तरी पुरतं. ज्याचं उत्तर द्यायचंच नाही, त्यासमोर तसं लिहून ठेवतो, नाहीतर शेवटाकडे घाई होते आणि उगाच सगळं बांधलं जातं.

दौत

न बदलणारा भाग शोधायचं पटलं. पण साल-वयाचा तक्ता मला जाचेल. माझी कथा जेमतेम एका पावसाळ्याची आहे.

समासातली नोंद

मग सालं नकोत, दिवस मोजा. थोड्या दिवसांच्या कथेत चंद्र फसवतो. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. एका प्रकरणात टिपूर चांदणं आणि दहा दिवसांनंतरच्या प्रकरणात संध्याकाळीच पूर्ण चंद्र वर येतोय, हे जमणार नाही. तेव्हा चंद्र उत्तररात्री उगवेल, तोही कोरीएवढा.

अर्धविराम

नोंदी कधी करायच्या यावर माझं मत वेगळं आहे. प्रत्येक बैठकीनंतर तक्ता भरायला बसले की मी पुढचं त्या तक्त्याला सोयीचं लिहायला लागते. म्हणून पहिला खर्डा पूर्ण होऊ देते आणि नोंदी पुनर्वाचनात काढते. बोरूंना अनयची आठवण सातव्या प्रकरणातच थांबवून तपासावी लागली. मी पुढे लिहीत गेले असते, तर कदाचित आजीपर्यंत पोचलेच नसते, किंवा वेगळ्याच वाटेने पोचले असते. हे मला खरंच ठरवता येत नाही.

आणि एक अडलंय. माझ्या कथेतला सांगणारा खोटं बोलतो. तो म्हणतो आई आजारपणात गेली, बहीण म्हणते विहिरीत. छापून गेलेल्याच्या वहीत हे दोन्ही लिहायचं, तर पानगळ, तुम्ही त्यासमोर ‘कोण म्हणालं’ असा रकाना ठेवता का?

पानगळ

आजवर ठेवला नव्हता. माझ्या वहीत छापलेलं ते खरं, असंच धरून चाललो होतो. तुमच्या कथेत ते चालणार नाही. पण मग घडलं काय, हे दुसऱ्या वहीत तरी लिहून ठेवलंय का तुम्ही?

अर्धविराम

नाही. अजून मलाच ठाऊक नाही.