मदत हवी आहे : टॅबलेटवर स्क्रीन दुभागलेली असताना फक्त एकाच अ‍ॅपचे रेकॉर्डिंग कसे करावे?

भूमितीशिक्षिका : मी नववीच्या भूमितीचे पाठ टॅबलेटवर रेकॉर्ड करते. डाव्या बाजूला माझी टिपणे आणि उत्तरे असतात, उजव्या बाजूला फळ्याचे अ‍ॅप. रेकॉर्डिंगमध्ये मात्र दोन्ही बाजू येतात आणि प्रमेय सुरू होण्याआधीच मुलांना उत्तर दिसते. फक्त उजवी बाजू कशी घ्यावी? उद्या सकाळपर्यंत दोन पाठ द्यायचे आहेत, कृपया लवकर सांगावे.

सह्याद्रीकर : स्क्रीनशॉट घेतल्यावर लगेच खाली कातरण्याचे चिन्ह येते. त्यावर बोट ठेवून कडा ओढल्या की नको असलेला अर्धा भाग निघून जातो. मी पाककृतींसाठी रोज असेच करतो.

भूमितीशिक्षिका : मला स्थिर चित्र नको, चाळीस मिनिटांचा आवाजासह व्हिडिओ हवा आहे.

जुनाजाणता : टॅबलेट कोणता, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती आणि पाठ आधी रेकॉर्ड करायचा आहे की थेट वर्गात दाखवायचा आहे, हे सांगितल्याशिवाय नेमके उत्तर देता येणार नाही. अँड्रॉइड १४ पासून स्क्रीन टिपण्याची परवानगी मागणाऱ्या खिडकीत संपूर्ण स्क्रीन की एकच अ‍ॅप, असा पर्याय मिळू लागला. एकच अ‍ॅप निवडले की शेजारचे अ‍ॅप, वरची पट्टी आणि सूचना यांपैकी काहीही रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. काही उत्पादकांच्या स्वतःच्या रेकॉर्डरमध्ये हा पर्याय दिसत नाही. तसे असल्यास दुसरा रेकॉर्डर वापरून पाहावा. माझ्या टॅबलेटवर निवडलेले अ‍ॅप आधी पूर्ण स्क्रीनवर येते. रेकॉर्डिंग चालू ठेवूनच मी स्क्रीन पुन्हा दुभागतो. मात्र अ‍ॅपचा आकार असा मध्येच बदलला, तर काही रेकॉर्डर चौकट जुनीच ठेवतात आणि कडेला काळे पट्टे येतात. म्हणून आधी अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्यावी.

पुणेरी_वाचक : आयपॅड घ्या, प्रश्नच उरणार नाही.

जुनाजाणता : तसे नाही. आयपॅडच्या कंट्रोल सेंटरमधील रेकॉर्डिंगही दोन्ही बाजू टिपते. एखाद्या अ‍ॅपने स्वतःच्या आत रेकॉर्डिंगची सोय दिली असेल, तरच तेवढेच अ‍ॅप येते.

भूमितीशिक्षिका : आवृत्ती १३ आहे आणि पुढचा बदल उपलब्ध नाही. हे दोन पाठ रेकॉर्ड करायचे आहेत, पण शनिवारचा तास थेट आहे.

संगणकमित्र : मग रेकॉर्डिंग पूर्ण स्क्रीनचेच होऊ द्या आणि नंतर संगणकावर ffmpeg या व्हिडिओवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमने कापा. स्क्रीनशॉट काढून मापे घेतली की झाले.

जुनाजाणता : उपाय बरोबर आहे, पण मापे स्क्रीनशॉटवरून घेऊ नयेत. रेकॉर्डर अनेकदा चित्र लहान करून साठवतो आणि मग कापलेल्या भागात डाव्या बाजूच्या टिपणांची एक कड राहून जाते. तयार व्हिडिओतील एक चौकट चित्र म्हणून काढावी आणि चित्रसंपादकात मोजावी. उदाहरणार्थ, व्हिडिओ २००० × १२०० चा आहे, उजवी बाजू १०१२ व्या पिक्सेलपासून सुरू होते, वरची पट्टी ४८ पिक्सेलची आणि खालची ८० ची आहे, असे धरू. तेव्हा रुंदी २००० − १०१२ = ९८८ आणि उंची १२०० − ४८ − ८० = १०७२ येते.

```
ffmpeg -i path.mp4 -vf "crop=988:1072:1012:48" -c:a copy falak.mp4
```

क्रम रुंदी, उंची, डावीकडून अंतर, वरून अंतर असा आहे. रुंदी आणि उंची सम संख्या ठेवाव्यात, नाहीतर व्हिडिओ तयार होताना अडचण येऊ शकते. मधली पट्टी पाठ चालू असताना सरकवली, तर हे माप मोडते, म्हणून तिला हात लावू नये.

संगणकमित्र : थेट तासासाठी टॅबलेट केबलने लॅपटॉपला जोडा, यूएसबी डीबगिंग चालू करा आणि टॅबलेटची स्क्रीन लॅपटॉपवर दाखवणाऱ्या scrcpy या प्रोग्रॅमला हीच मापे `--crop` मध्ये द्या. मग बैठकीत लॅपटॉपवरील तेवढी खिडकीच दाखवा.

जुनाजाणता : तिथे मापे व्हिडिओची नव्हे, खऱ्या स्क्रीनची लागतील आणि ती टॅबलेटच्या मूळ दिशेप्रमाणे द्यावी लागतील. टॅबलेटची मूळ दिशा उभी असून तो आडवा धरला असेल, तर भलताच तुकडा दिसतो.

सह्याद्रीकर : यात आवाजही जातो का? माझ्या पाककृतीच्या व्हिडिओत आवाजच नसतो.

भूमितीशिक्षिका : पहिला पाठ कापून झाला. माझ्या व्हिडिओत उजवी बाजू ९६४ पासून सुरू होत होती, कारण त्याची रुंदी १९२० निघाली. आता टिपणांचा मागमूस नाही आणि प्रमेयाची आकृती स्वच्छ दिसते. scrcpy मध्ये मात्र फळ्याचा खालचा अर्धाच भाग येतो आहे. मापे फिरवून पाहते आणि शनिवारच्या आधी इथे लिहिते.