दुधाचा ताप आणि शेगडीचा ताप

"आजी म्हणते दूध उतरलं की ताप येतोच, दोन-चार दिवस अंगावर काढायचा."

आजीचं अर्धं बरोबर. दूध भरताना दोन्ही छाती दगडासारखी होते, थोडी कणकण येते, पण बाळ नीट प्यायला लागलं की साधारण दिवसभरात उतरते. थर्मामीटरवर १००.४ किंवा वर गेलं, तर मात्र दुधाच्या नावावर दवाखाना टाळू नका.

आपल्याकडे खानदेशात घोळ शेगडीने होतो. आमच्या वहिनीचं बाळंतपण पारोळ्याकडे माहेरी झालं. पाचव्या दिवशी अंग तापलं, तर सगळे म्हणाले, खाटेखालच्या शेकाची ऊब आहे. तिच्या बहिणीने शेगडी बाहेर काढली, अर्धा तास जाऊ दिला, मग काखेत थर्मामीटर लावला: १०१.८. छाती तर मऊ होती, म्हणजे दुधाचं कारणच नव्हतं. बेंबीच्या खाली दाबलं की कळ जायची आणि अंगावरून जाणाऱ्या स्रावाला कुजका वास होता. (हे ती लाजेने सांगतच नव्हती, विचारावं लागलं.) गर्भाशयात जंतुसंसर्ग निघाला. भरती करून शिरेतून अँटिबायोटिक दिली.

आधी थर्मामीटर, मग पॅरासिटामॉल. गोळीने आकडा उतरतो, संसर्ग तसाच राहतो. थंडी वाजून हुडहुडी भरली, धाप लागली, बाळंतीण बरळायला लागली किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन लावा. वहिनीचं दूध पाजणं बंद करावं लागलं नाही, डॉक्टरांनी औषधंच तशी निवडली.