विषय: [शाळा] तिसरीच्या अल्बमची लिंक शनिवारी बंद करतेय, पत्ते पाठवा

मेधा (तिसरीचा वर्ग)

नमस्कार पालकहो,

वर्गाच्या गूगल फोटोज अल्बमची लिंक येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर बंद करणार आहे. त्यानंतर मी नावानिशी जोडलेल्यांनाच फोटो दिसतील. ज्यांना अल्बम हवा आहे त्यांनी आपल्या गूगल खात्याचा पत्ता फक्त मला पाठवा, या यादीवर टाकू नका. जे आधीच अल्बममध्ये सामील आहेत त्यांना काही करायचं नाही.

सध्या अल्बमच्या `Options` मध्ये `Link sharing` सुरू आहे. ते सुरू असेपर्यंत लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला सगळे फोटो दिसतात. त्याला खातंही लागत नाही, आणि नुसतं बघून गेलेल्याचं नाव मला कुठेच दिसत नाही. पडताळून बघायचं असेल तर ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि लॉगिन न करता लिंक तिथे पेस्ट करा. फोटो दिसले म्हणजे दार उघडं आहे. शनिवारी रात्री हीच तपासणी पुन्हा करा, आणि तेव्हाही फोटो दिसले तर मला लगेच कळवा.

आणखी दोन बदल केलेत. `Share photo location` बंद केलंय, कारण नाटुकल्याच्या तालमीचे फोटो एका पालकांच्या घरी काढलेले आहेत. आणि अल्बमचं कव्हर बदललंय. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की खाली छोटं चित्र येतं, ते कव्हरचंच असतं, आणि लिंक नंतर बंद केली तरी जुन्या मेसेजमध्ये ते तसंच राहतं. आता तिथे मुलांच्या चेहऱ्यांऐवजी फळ्यावरची बाराखडी आहे.

मेधा

सुहास

मेधाताई, ही लिंक भलीमोठी आहे, कुणाला अंदाजाने सापडणं शक्य नाही. मग एवढा खटाटोप कशाला? आमच्या नाशिकच्या आजींचं गूगल खातं नाही, त्या लिंकवरूनच बघतात. आणि जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा एवढा काटेकोर पाळायचा तर पालकांनीही गॅदरिंगमध्ये फोटो काढायला नकोत. तो नियम आहेच.

अंजली

सुहास, लिंक अंदाजाने सापडत नाही हे बरोबर. पण ती सापडावी लागतच नाही, ती पुढे पाठवली जाते. तुमच्या आजींनी ती भिशीच्या ग्रुपवर टाकली तर तिथल्या सगळ्यांना आपली सगळी मुलं दिसतात, फक्त त्यांचा नातू नाही. लिंकला समोर कोण आहे हे कळत नाही. नावाने जोडलेल्या माणसाने बंद लिंक पुढे पाठवली तर ती दुसऱ्याकडे उघडत नाही. फरक तेवढाच आहे, पण सगळा फरक तोच आहे.

पालकांच्या फोटोंबद्दल तुमची गल्लत होतेय. इथे ब्रिटनमध्ये हा कायदा बघणाऱ्या आयसीओ या संस्थेचं म्हणणं स्पष्ट आहे: आई-बापांनी घरच्या अल्बमसाठी काढलेल्या फोटोंना डेटा संरक्षणाचा कायदा लागू होत नाही. शाळेने शाळेच्या कामासाठी काढलेल्या फोटोंना लागू होतो. मेधाताईंचा अल्बम शाळेचा आहे, म्हणून कोण बघतंय याची जबाबदारी शाळेची. तुमच्या फोनमधल्या गॅदरिंगच्या फोटोंशी त्याचा संबंध नाही.

आजींना खातं काढताना जीमेलच लागतो असं नाही, त्यांच्या आत्ताच्या इमेलवरही गूगल खातं निघतं. तेही नको असेल तर नातवाचे फोटो तुम्ही निवडून पाठवा.

रमेशकाका

अल्बम बंद झाला ते उत्तम. माझ्या फोनच्या गॅलरीत शाळेचे शंभरेक फोटो आपोआप येऊन पडले आहेत, जागा भरली. शनिवारनंतर ते जातील ना?

अंजली

नाही जाणार, काका. ते अल्बमचे नाहीत, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेले आहेत. ग्रुपचं नाव दाबा, `Media visibility` मध्ये `No` करा, म्हणजे यापुढचे गॅलरीत दिसणार नाहीत. आयफोनवर तिथेच `Save to Photos` असतं. आधीचे हाताने पुसावे लागतील. यातूनच सगळ्यांनी लक्षात घ्यावं की अल्बमवर कितीही कुलपं घातली आणि तोच फोटो ग्रुपवर टाकला, तर तो प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळा जाऊन बसतो. तिथून तो परत घेता येईलच याची खात्री नसते.

प्रज्ञा (सचिव)

मुळात हा अल्बम मेधाताईंच्या वैयक्तिक खात्यावर असूच नये. मंडळाचं खातं त्यासाठीच काढलंय, मागच्या सभेत बोलणं झालं होतं. शिवाय गेल्या वर्षी शाळा सोडलेली दोन कुटुंबं अजून अल्बममध्ये आहेत. ती आजच काढून टाकावीत.

मेधा

प्रज्ञाताई, आज काढू नका म्हणते त्याला कारण आहे. लिंक सुरू असताना माणूस काढला तर तो त्याच लिंकवरून पुन्हा आत येतो. म्हणून आधी लिंक बंद, मग माणसं. दुसरं, ज्याला काढलं त्याने घातलेले फोटोही त्याच्याबरोबर अल्बममधून जातात. लेस्टरला गेलेल्या कुटुंबाने दिवाळीच्या किल्ल्याचे सगळे फोटो घातलेत, ते माझ्याकडे दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यामुळे आधी त्यांना विचारून ते फोटो माझ्या खात्यात सेव्ह करणार, अल्बममध्ये माझ्या नावाने पुन्हा घालणार, आणि मगच त्यांना काढणार. सेव्ह केले की ते माझ्या पंधरा जीबीतून जागा घेतात, तेवढं चालेल.

पुढे हे टाळायला `Collaborate` बंद ठेवतेय. फोटो मला पाठवा, मी घालीन.

प्रज्ञा (सचिव)

म्हणजे सगळं परत एकाच व्यक्तीकडे. उद्या मेधाताईंनी वर्ग सोडला तर? खात्याचा मुद्दा मी कार्यकारिणीत घेणार आहे.

सुहास

पत्ते पाठवलेत, आजींचाही, मुलाने खातं काढून दिलं. पण प्रज्ञाताई, मंडळाच्या खात्याचा पासवर्ड किती जणांकडे आहे? माझ्या माहितीत जुन्या कार्यकारिणीकडेही आहे. मग मेधाताईंचंच खातं बरं.

केतकी

सर्वांना विनंती. प्रवेश अर्जात आम्ही फोटोंना संमती दिलेली नाही, तरी तीळगुळाच्या समूहफोटोत मुलगी मागच्या रांगेत डावीकडे आहे. लिंक बंद झाली तरी आतल्यांना ती दिसणारच. काय करता येईल?

मेधा

केतकी, तो फोटो आत्ताच अल्बममधून काढला. डावी बाजू कापून नवीन प्रत घालते, मुलगी अगदी कडेला आहे, जमेल. मात्र ज्यांनी मूळ फोटो आधीच आपल्या लायब्ररीत सेव्ह केला असेल त्यांच्याकडची प्रत माझ्या पुसण्याने जात नाही. तेव्हा पालकहो, तीळगुळाचा समूहफोटो ज्यांच्याकडे आहे त्यांनी कृपया तो पुसावा, ट्रॅशमधूनही. पुसलात की मला एक ओळ टाका, मी यादी करतेय.

रमेशकाका

`Media visibility` सापडलं. तीळगुळाचा फोटो माझ्याकडे दोनदा आला होता, दोन्ही पुसले.